गाडीचं भूत मावतं नऊ केबीत

आम्ही फोनवरचा कार रेसिंगचा गेम बनवतो. मागच्या महिन्यात लीड मॅडमना एक मेल टाकला, सब्जेक्ट: "टाईम ट्रायलमध्ये घोस्ट रिप्ले, स्कोप आणि रिस्क". त्याआधी दोनदा चहाच्या टपरीवर तोंडी सांगून झालं होतं आणि दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "लिहून दे, किती दिवस आणि काय फाटू शकतं ते." लिहायला बसलो तेव्हा कळलं की एकाच प्रश्नाचं उत्तर ठरवलं की बाकीचा मेल आपोआप लिहिला जातो. तो प्रश्न असा की भुताने नक्की काय लक्षात ठेवायचं.

घोस्ट म्हणजे काय ते आधी सांगतो. तुम्ही एका ट्रॅकवर एकटेच गाडी पळवली, १ मिनिट १५ सेकंदात लॅप मारला. आता परत सुरू केलं की तुमच्या शेजारी एक अर्धपारदर्शक गाडी सुटते आणि मघाशी तुम्ही जसे चाललात अगदी तशीच चालते, तुम्ही जिथे ब्रेक उशिरा मारला तिथे तीही उशिरा मारते. तिला धक्का लागत नाही, आरपार जाता येतं, म्हणून भूत. १९९२ च्या सुपर मारिओ कार्टमध्ये हे होतं, म्हणजे आयडिया माझी नाही हे मेलमध्ये पहिल्याच ओळीत कबूल केलं.

तर भूत साठवायचे दोन रस्ते. पहिला म्हणजे बटणं साठवायची. कुठल्या क्षणी स्टिअरिंग किती वळलं होतं, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला की सोडलेला, एवढंच. आमचा गेम गाडीचं गणित सेकंदाला ५० वेळा करतो, ७५ सेकंदांचे झाले ३७५० क्षण, दर क्षणाला एक बाईट धरली तरी चार केबीच्या आत काम. मग पुढच्या वेळी तीच बटणं तशीच भुताच्या गाडीला द्यायची, बाकीचं गेमचं गणित करेल. १९९३ चा डूम सुरू केल्यावर मागे आपोआप जो खेळ दिसायचा ना, तो व्हिडिओ नव्हता, अशी साठवलेली बटणंच होती, सेकंदाला ३५ वेळा चार-चार बाईट. ऐकायला एकदम भारी वाटतं, मलाही वाटलं, आणि पहिल्या ड्राफ्टमध्ये मी हेच लिहिलं होतं.

गडबड अशी की यात गेमचं गणित दर वेळी, दर फोनवर, शेवटच्या दशांशापर्यंत तस्संच यायला लागतं. आणि ते येत नाही. कम्प्युटर अपूर्णांक ठराविक जागेत कोंबतो, उरलेलं गोल करून टाकतो, त्यामुळे तीन आकड्यांची बेरीज करताना आधी कुठले दोन घेतले यावरही उत्तर शेवटच्या अंकात बदलू शकतं (शाळेत शिकवलं ते याला लागू नाही, सॉरी). एक प्रोसेसर गुणाकार आणि बेरीज एका फटक्यात करून एकदाच गोल करतो, दुसरा गुणाकार करून गोल करतो, मग बेरीज करून परत गोल करतो. फरक धुळीच्या कणाएवढा. पण गाडी त्याच चुकलेल्या जागेवरून पुढचं पाऊल टाकते, मग त्यावरून पुढचं, आणि चाक कर्बला घासून गेलं की नुसतं चाटून गेलं अशा जागी तो कण एकदम मोठा होतो. गाडीचं तोंड समजा अंशाच्या दहाव्या भागाने चुकलं, डोळ्याला दिसणारही नाही, तर ३०० मीटरच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी गाडी अर्धा मीटर बाजूला असते. पुढे बॅरियर असेल तर ठोकली, आणि ठोकल्यावरही बिचारं भूत बटणं दाबतच राहतं, भिंतीला नाक लावून उजवीकडे-डावीकडे.

हे मी करून पाहिलं. एका फोनवर लॅप रेकॉर्ड केला, बटणांची फाईल दुसऱ्या जुन्या फोनवर चालवली, सहा वळणं फर्स्टक्लास, सातव्या वळणाला भूत थेट गवतात. दोन्ही फोनचे व्हिडिओ शेजारी ठेवून मेलला जोडले आणि माझा लाडका ड्राफ्ट कचऱ्यात टाकला.

ट्रॅकमेनिया हा गेम बटणंच साठवतो आणि त्याला जमतं, कारण त्याचं गेम इंजिन, म्हणजे आतलं सगळं गणित करणारा प्रोग्रॅम, तसंच बांधलंय, तीच बटणं दिली की तोच निकाल. त्याचा एक फायदा २०२१ मध्ये दिसला. काही खेळाडूंनी जुन्या रेकॉर्ड लॅपच्या फाईलींमधली बटणं तपासली तर स्टिअरिंगची हालचाल माणसाच्या हाताला जमणार नाही इतकी झटपट दिसली, म्हणजे गेम स्लो करून खेळला होता, आणि रेकॉर्ड उडाले. नुसती गाडीची जागा साठवलेली असती तर हे पकडणं फार अवघड गेलं असतं. पण आम्ही बाहेरचं तयार इंजिन वापरतो, त्याचं फिजिक्स सगळ्या फोनवर हुबेहूब सारखं करायचं म्हणजे अर्धा गेम परत लिहायचा, तेव्हा तो नाद सोडा असं मी स्पष्ट लिहिलं.

दुसरा रस्ता जास्त सरळ आहे. बटणं विसरा, गाडी कुठे होती आणि तोंड कुठे होतं तेवढं ठराविक वेळाने टिपून ठेवा, आणि नंतर भुताला त्या ठिपक्यांवरून ओढत न्या. गणित परत करायचंच नाही, मग ते चुकायचा प्रश्नही नाही.

मॅडमचा नेहमीचा प्रश्न असतो की साईज किती, म्हणून आकडे मेलमध्येच दिले. स्क्रीनवरची प्रत्येक फ्रेम जशीच्या तशी टिपली, सेकंदाला ६० वेळा आणि दर वेळी २८ बाईट, तर ७५ सेकंदांचे होतात १,२६,००० बाईट. पण एवढी गरज नाही. आमचा ट्रॅक एक किलोमीटरच्या चौकोनात बसतो, एक किलोमीटरचे ६५,५३६ भाग पाडले की एक भाग दीड सेंटिमीटरचा, आणि एवढा आकडा दोन बाईटमध्ये मावतो. दीड सेंटिमीटर इकडे-तिकडे झालेलं भूत कुणाला दिसणार आहे? तीन दिशांचे सहा बाईट, गाडीच्या तोंडाचे चार, पुढच्या चाकांचा एक, ब्रेकलाईट वगैरेचा एक, झाले बारा. सेकंदाला फक्त १० वेळा टिपायचं. ७५० गुणिले १२, नऊ हजार बाईट. सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा गुलाबाचा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

आता दहाच वेळा टिपलं तर मधल्या फ्रेमचं काय, तर तिथे दोन ठिपक्यांमधली जागा आपण काढायची. इथे दहा का आणि दोन का नाही हे मी एका वळणावर मोजून दाखवलं. चाळीस मीटर त्रिज्येचं वळण, गाडी ताशी १०८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. सेकंदाला दोनदाच टिपलं तर ठिपक्यांमध्ये १५ मीटर अंतर, आणि सरळ रेषेने जोडलं तर रेषा खऱ्या वळणाच्या आतून ७० सेंटिमीटर जाते, भूत कर्बवरून शॉर्टकट मारताना दिसतं आणि खेळणारा म्हणतो चीटिंग. दहा वेळा टिपलं की ठिपक्यांमध्ये ३ मीटर आणि चूक तीन सेंटिमीटरच्या आत. तरीही सरळ रेषांनी जोडलं तर दर ठिपक्याला बारीकसा झटका जाणवतो, कारण दिशा तिथे एकदम बदलते, म्हणून आजूबाजूचे चार ठिपके बघून गोलसर वक्र काढायचा. ते फॉर्म्युले जुने आहेत, अर्ध्या दिवसाचं काम.

खरे बग असतात ते बारक्या जागी, आणि रिस्कच्या भागात मी तेच लिहिले कारण दिवस तिथेच जाणार. गाडीचं तोंड ३५९ अंशांवर आहे आणि पुढच्या ठिपक्याला १ अंशावर, म्हणजे गाडी दोनच अंश वळली, पण मधला आकडा भाबडेपणाने काढला तर १८० येतो आणि भूत क्षणभर उलटं तोंड करून धावतं. ट्रॅकवर फक्त एकाच दिशेला तोंड असताना भूत गिरकी घेतंय असं दिसलं की समजायचं हेच आहे. दुसरं, खड्ड्यात गेलेली गाडी रिसेट केली की ती एकदम रस्त्यावर येते, पण भूत मात्र झाडांमधून तरंगत येतं, कारण आपण दोन ठिपके इमानदारीत जोडले. तिथे "इथे जोडू नको" अशी खूण साठवायला लागते. तिसरं मला सगळ्यात आवडतं. फिनिश लाईन नेमकी ठिपक्याच्या वेळीच येईल असं थोडीच आहे, शेवटचा ठिपका आणि लाईन यात जवळजवळ दशांश सेकंद राहू शकतो, ताशी १८० ला तेवढ्यात गाडी पाच मीटर जाते, आणि भूत लाईनच्या पाच मीटर अलीकडे गायब. म्हणून लाईन ओलांडतानाचा एक ठिपका वेगळा, त्याच्या नेमक्या वेळेसकट टिपायचा.

घड्याळाचंही आहे. भूत रेसच्या घड्याळावर चालायला हवं, फोनच्या नाही, नाहीतर मधेच आईचा फोन आला, गेम पॉझ झाला, परत येऊन बघता तर भूत लॅप संपवून घरी. टेस्टिंगसाठी सोपा उपाय सुचवला: रेकॉर्ड करताना दर फ्रेमची खरी जागा लाल रेषेने काढायची, भुताचा रस्ता निळ्या रेषेने, दोन्ही वरून बघायच्या. जिथे निळी लालपासून सुटते तिथे बग.

स्कोप मुद्दाम छोटा मागितला. फक्त स्वतःचा बेस्ट लॅप, फक्त त्याच फोनवर, दर ट्रॅकला एकच भूत. रेकॉर्डिंग दोन दिवस, प्लेबॅक तीन, दिसण्याचं दोन (भूत अगदी समोर आलं की रस्ताच दिसत नाही, म्हणून जवळ आलं की आणखी फिकट करायचं, आणि सावली नको), टेस्टिंग तीन, एकूण दहा. मित्राचं भूत डाऊनलोड करणं बाहेर ठेवलं. एकतर सर्व्हर आला, शिवाय ठिपक्यांची फाईल कुणीही हाताने बनवू शकतो. गाडीच्या टॉप स्पीडपेक्षा लांब उड्या आहेत का एवढं तपासता येतं, पण हुशार चोर टॉप स्पीडच्या आतच चोरी करतो.

मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, दोन ओळींचं. दहा दिवस मंजूर, आणि एक प्रश्न जो मी रिस्कमध्ये लिहायला विसरलो होतो: "पुढच्या अपडेटला टायरची ग्रिप कमी करतोय, मग जुन्या भुतांचं काय?" बरोबर होतं. ठिपक्यांचं भूत फिजिक्स बदललं तरी मजेत चालतं, जुन्या ग्रिपने, आणि आता कुणीही कितीही चांगलं चालवलं तरी ते हरणारच नाही. बटणांचं भूत निदान गवतात जाऊन सांगतं तरी की काहीतरी बदललंय. मग प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला गाडीच्या सेटिंगचा आणि ट्रॅकचा व्हर्जन नंबर टाकायचं ठरलं, आणखी चार बाईट. ट्रॅक बदलला असेल तर भूत दाखवायचंच नाही, भिंतीतून जाईल. फक्त गाडी बदलली असेल तर मी म्हटलं पुसून टाकू. मॅडम म्हणाल्या, "पुसू नकोस रे, लोकांनी महिनाभर घासून मारलेला लॅप असतो तो. राखाडी कर, आणि खाली लिही जुन्या टायरवरचा."