कोल्ड मिक्स पिशव्या व खड्ड्याचे माप

कोल्ड मिक्स पिशव्या : रस्त्यावरील खड्डे न तापवता बुजवण्यासाठी वापरले जाणारे, खडी व पातळ केलेले डांबर आधीच कालवून पिशवीत भरलेले तयार मिश्रण. बाजारात ते बहुधा २५ किलोच्या पिशवीत मिळते. २०, ४० व ५० किलोच्या पिशव्याही आढळतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः एकाच प्रश्नाचा विचार केला आहे : खड्ड्याचे क्षेत्रफळ व खोली ठाऊक असता किती पिशव्या लागतात. उदाहरणे सोलापूर शहर व परिसरातील रस्त्यांना धरून घेतली आहेत.

या मिश्रणाचे मूळ कोणत्या परंपरेत धरावे, याबद्दल दोन मते आहेत. एक मत ते डांबराच्या इमल्शनपर्यंत नेते. डांबराचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट ह्यू अॅलन मॅके यांनी ब्रिटनमध्ये १९२२ च्या सुमारास घेतले आणि थंड डांबरकामाला तेथून चालना मिळाली, असे या पक्षाचे म्हणणे. दुसरे मत कटबॅक डांबराकडे, म्हणजे रॉकेल किंवा डिझेलसारख्या तेलाने पातळ केलेल्या डांबराकडे बोट दाखवते. रस्त्यावर जागेवरच कालवायच्या थंड मिश्रणापुरते पहिले मत बरोबर दिसते. पिशवीबंद मालापुरता मात्र दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. कारण साधे इमल्शन खडीला लागताच फुटू लागते, पाणी वेगळे होते व माल आवळतो. महिनोन्‌महिने पिशवीत मऊ राहण्याचा गुण तेलाच्या सावकाश उडण्यातून येतो. भारतीय रस्ते काँग्रेसनेही हे दोन प्रकार वेगळे ठेवले आहेत : कटबॅकच्या तयार खड्डे-मिश्रणासाठी आयआरसी ११६ आणि इमल्शनच्या थंड मिश्रणासाठी आयआरसी एसपी १०० ही मानके, दोन्ही २०१४ ची.

हिशेबातील सर्वांत मोठी चूक घनतेच्या निवडीत होते. पिशवीतून ओतलेला मोकळा माल साधारण १.७ टन प्रति घनमीटर भरतो. धुम्मसाने नीट ठोकल्यावर तोच माल २.१ च्या आसपास जातो. म्हणजे मोकळ्या मालाची उंची ठोकल्यावर जवळजवळ एक पंचमांशाने घटते. पिशव्या मोजताना कोणती घनता धरावी, याविषयी मुकादमांत व अभियंत्यांत एकवाक्यता नाही. खड्डा मोकळ्या मालाने काठोकाठ भरला की झाले, असे धरणारे १.७ घेतात. येथे २.१ ग्राह्य मानली आहे. कारण खड्ड्याची खोली दाबलेल्या मालानेच भरायची असते आणि ठोकताना कसर राहिली, तर उरलेला दाब वाहनांची चाके देतातच.

घनतेचा आकडा सर्व पिशव्यांना सारखा नसतो. सच्छिद्र प्रतीचा माल २.० पर्यंतच थांबतो, बारीक कच जास्त असलेला २.२ च्या वर जातो. सोलापूरच्या आसपासची खडी दख्खनच्या काळ्या बेसाल्टची व वजनदार असते; त्यामुळे येथील खडीचे मिश्रण खालच्या आकड्याकडे क्वचितच झुकते. शंका असल्यास कोणत्याही काँक्रीटच्या कामावर मिळणारा १५० मि.मी.चा क्यूब साचा उपयोगी पडतो. त्याचे घनफळ ३.३७५ लिटर असते. माल न दाबता भरून वजन केल्यास ५.७ किलोच्या आसपास आणि तीन थरांत कांबीने व ठोकळ्याने घट्ट दाबून भरल्यास ७.१ किलोच्या आसपास भरतो. साच्यातील मालाचे वजन ३.३७५ ने भागले की त्या पिशवीची घनता मिळते. लॉट बदलला की ही चाचणी पुन्हा करणे अगत्याचे आहे. तिला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.

सूत्र मांडताना मापे मुद्दाम मिसळली, म्हणजे लांबी-रुंदी मीटरमध्ये आणि खोली मिलिमीटरमध्ये घेतली, तर उत्तर सरळ किलोत येते :

किलो = लांबी (मी.) × रुंदी (मी.) × खोली (मि.मी.) × २.१

पिशव्या = किलो ÷ २५

याचा अर्थ, एक चौरस मीटर जागेला प्रत्येक सेंटिमीटर खोलीमागे २१ किलो माल लागतो. फूट व इंचांत बोलणाऱ्या गँगसाठी यापेक्षाही सोपा ठोकताळा आहे : एक चौरस फूट, एक इंच खोल, पाच किलो. म्हणजे २५ किलोची पिशवी पाच चौरस फुटांवर एक इंच बसते. मीटरच्या हिशेबाशी हा ठोकताळा एका टक्क्याच्या आत जुळतो, म्हणून तो बेधडक वापरावा.

समजा, होटगी रस्त्यावर एक खड्डा आहे. वरून पाहता तो लंबगोल, सुमारे १.०५ मी. लांब व ०.६५ मी. रुंद दिसतो. या दिसणाऱ्या तोंडाचे क्षेत्रफळ ०.५४ चौ.मी. भरते आणि सरासरी ५५ मि.मी. खोलीला ६२ किलो, म्हणजे अडीच पिशव्या पुरतील असे वाटते. परंतु काठाचे डांबर भेगाळलेले असते. टाचेने दाबल्यावर हलणारा, हातोडीने ठोकल्यावर पोकळ वाजणारा भाग काढून, फक्कीने आखून, कडा उभ्या छाटल्या की तोच खड्डा १.२० × ०.८० मी.चा चौकोन होतो. क्षेत्रफळ ०.९६ चौ.मी. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. माप छाटणीनंतर घ्यायचे, ही गोष्ट अंदाजपत्रकात वारंवार सुटते आणि दुपारपर्यंत गाडीतल्या पिशव्या संपतात.

खोलीसाठी चौकोनाचे नऊ सारखे भाग कल्पावेत, कडेवरून कडेपर्यंत अॅल्युमिनियमचा पाटा आडवा ठेवावा आणि प्रत्येक भागाच्या मध्यावर स्टीलपट्टी उभी धरून वाचावी. या खड्ड्यात वाचने अशी आली असे धरू : ४५, ५०, ४५, ५५, ८०, ६०, ५०, ६०, ५०. बेरीज ४९५, सरासरी ५५ मि.मी. केवळ मधले ८० मि.मी. धरले असते, तर माल १६१ किलो, म्हणजे साडेसहा पिशव्या निघाला असता. केवळ कोपऱ्याचे ४५ धरले असते, तर ९१ किलो. नऊ वाचनांची सरासरी यांच्या मध्ये कोठे पडते ते पाटा ठेवूनच कळते, नजरेने नाही.

आता ०.९६ × ५५ × २.१ = १११ किलो. कडेने सांडणारा व पिशवीला चिकटणारा माल, तसेच पृष्ठभाग रस्त्यापेक्षा सुमारे ५ मि.मी. उंच ठेवण्यासाठी लागणारा माल मिळून दहा टक्के वाढवावेत. फुगवट्यालाच सुमारे १० किलो जातात, तेव्हा ही वाढ सढळ म्हणता येत नाही. एकूण १२२ किलो, म्हणजे पाच पिशव्या. मोकळ्या घनतेने हिशेब करणाऱ्याला ९० किलो व चार पिशव्या पुरेशा वाटतील. चार पिशव्यांनी खड्डा त्या दिवशी भरलेला दिसेलही. पण ५५ मि.मी. उंचीचा मोकळा थर दाबून सुमारे ४५ मि.मी. होतो आणि चाकांखाली एक सेंटिमीटरची थाळी तयार होते. पुढच्या पावसात त्याच थाळीत पाणी साचते. खड्डा पुन्हा उघडल्यावर मिश्रणाला दोष दिला जातो, पण बहुधा पिशवी कमी पडलेली असते.

भरताना ८० मि.मी.चा मधला खळगा आधी भरून ठोकावा व वरचा थर नंतर द्यावा. एका थराची दाबलेली जाडी ५० मि.मी.पर्यंत ठेवण्याचा सावध प्रघात आहे. माल टाकण्यापूर्वी तळ व उभ्या कडा झाडून घेतात आणि नवा माल जुन्या थराला धरावा म्हणून इमल्शनचा पातळ टॅक कोट मारतात. तपकिरी इमल्शन काळे होईपर्यंत थांबावे लागते. तपकिरी असतानाच माल टाकला, तर पाणी खाली अडकते. ठोकणे कडेपासून सुरू करून मध्याकडे आणतात. ठोकून झाल्यावर वर कच भुरभुरतात, म्हणजे टायरला माल चिकटत नाही. वाहतूक लगेच सोडता येते.

सोलापुरात थंडीमुळे माल आखडण्याची अडचण फारशी येत नाही. येथे अडचण उन्हाळ्याची आहे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये रचलेल्या पिशव्यांत डांबर सुटून तळाशी उतरते. अशा पिशवीचा वरचा माल करडा व कोरडा, तर खालचा चकचकीत काळा दिसतो. वापरण्यापूर्वी पिशव्या उलटवून, मळून घ्याव्यात. तसे न करता ओतल्यास एकाच खड्ड्याचा अर्धा भाग सुटतो आणि अर्धा चाकाबरोबर सरकतो. वजन तेच असल्याने पिशव्यांचा हिशेब मात्र बिघडत नाही. इमल्शनच्या प्रकारात तो किंचित बिघडतो : त्यातील पाणी उडून जाते, तेव्हा पिशवीवर छापलेल्या वजनापैकी दोन-तीन टक्के खड्ड्यात उरत नाहीत.

येथील मोठा पाऊस सप्टेंबरात येतो आणि खड्डे बुजवण्याची घाईही तेव्हाच होते. साचलेले पाणी उपसून तळ ओलसर असताना कटबॅकचा माल चालतो, वाहते किंवा पाझरते पाणी असताना कोणताच चालत नाही. तळ दाबल्यावर काळ्या मातीचा चिखल वर येत असेल, तर दोष डांबरी थरात नसून खालच्या पायात आहे. अशा ठिकाणी आणि खोली १०० मि.मी.च्या पुढे गेली, तर खालचा भाग खडी-मुरुमाने भरून ठोकावा व फक्त वरच्या ५० मि.मी.ला पिशव्या लावाव्यात. त्याने खर्चही आवरतो : ०.९६ चौ.मी.च्या खड्ड्याला १२० मि.मी. पूर्ण खोलीसाठी २४२ किलो, तर वरच्या ५० मि.मी.साठी १०१ किलो लागतात, वाढीचे दहा टक्के सोडून.

जलवाहिनी व ड्रेनेजच्या चरांसाठी हिशेब धावत्या मीटरने करतात. ०.४५ मी. रुंद चराला ६० मि.मी. डांबरी थर द्यायचा असल्यास प्रत्येक मीटरमागे ५७ किलो, म्हणजे सव्वादोन पिशव्या. दहा मीटरच्या चराला वाढीसह पंचवीस पिशव्या मागवाव्या लागतात. चरातील भराव नीट ठोकलेला नसेल, तर तो पहिल्या पावसाळ्यात खचतो. म्हणून भराव पाण्याने बसवून, पुन्हा ठोकून, खोली त्यानंतरच मोजतात.