मेनिस्कसचे छायाचित्रावरून वाचन

काचेच्या नळीतील पाण्यासारखा द्रव कडेला किंचित वर चढतो आणि मधोमध खोलगट राहतो. या वक्र पृष्ठभागाला मेनिस्कस म्हणतात. ब्युरेट आणि मोजनळी यांच्या खुणा या वक्राच्या तळाशी जुळवून वाचायच्या असतात. प्रत्यक्ष प्रयोगात डोळा वर-खाली करून योग्य पातळी साधता येते. छायाचित्रात मात्र ती पातळी कॅमेऱ्याने आधीच ठरवलेली असते, आणि पडद्यासमोर मान कितीही हलवली तरी तिच्यात फरक पडत नाही. त्यामुळे आकडा वाचण्याआधी कॅमेरा कोठे होता हे पाहावे लागते.

त्याचा पुरावा चित्रातच असतो. चांगल्या ब्युरेटवर निदान मोठ्या खुणा नळीभोवती कड्यासारख्या फिरवलेल्या असतात. कॅमेऱ्याच्या उंचीवरचे कडे चित्रात सरळ रेघ दिसते. त्याखालच्या कड्यांची पुढची बाजू खाली झुकलेली दिसते, वरच्यांची वर उचललेली. मेनिस्कसजवळची खूण सरळ असेल तर वाचन भरवशाचे. ती खाली झुकली असेल तर कॅमेरा वर होता. येथे भिंगाची उंची महत्त्वाची असते. कॅमेऱ्याचे तोंड खाली वळवून मेनिस्कस चौकटीच्या मध्यावर आणला, तरी दोष जात नाही.

दोष उद्भवतो तो खुणा नळीच्या पुढच्या पृष्ठभागावर आणि मेनिस्कसचा तळ नळीच्या मध्यावर असल्यामुळे. ५० मिलि ब्युरेटमध्ये हे अंतर ६ ते ७ मिमी भरते, तर ०.१ मिलिच्या दोन खुणांमध्ये जेमतेम १ मिमी जागा असते. मोबाइल १५ सेंमीवर धरला आणि तो ३ सेंमी उंच राहिला, तर वाचन जवळजवळ एका घराने चुकते. वरून पाहिल्यास मेनिस्कस वरच्या खुणेशी जुळलेला भासतो. ब्युरेटचा शून्य वर असल्याने तेथे आकडा कमी येतो, तर मोजनळीत आकडे खालून वर वाढत असल्याने जास्त. थोडे दूर जाऊन ऑप्टिकल झूम वापरणे हा सोपा उपाय आहे.

समजा, विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन केले आणि ब्युरेटची दोन छायाचित्रे आहेत. शेवटच्या चित्रात मेनिस्कसचा तळ २३ च्या खाली, चौथ्या आणि पाचव्या लहान रेघेच्या मध्ये आहे. चित्र मोठे करून रेघेच्या मध्यापासून पुढच्या रेघेच्या मध्यापर्यंत मोजले, तर ४० पिक्सेल येतात आणि तळ वरच्या रेघेपासून २४ पिक्सेल खाली आहे. म्हणजे घराचा ०.६ भाग, आणि वाचन २३.४६ मिलि. मोजनळीच्या सवयीने २४ पासून वर मोजणारा येथे २४.५४ लिहील. पहिले वाचन १.१२ असेल तर वापरलेले आकारमान २२.३४ मिलि. प्रत्येक वाचनात ±०.०२ मिलि अनिश्चितता धरली, तर फरकात ती सुमारे ±०.०३ होते.

दोन्ही चित्रे सारख्याच चुकीच्या कोनातून घेतली असती, तर वजाबाकीत दोष बराचसा नाहीसा झाला असता. तिपाईवर अचल ठेवलेला कॅमेरा म्हणूनच फसवतो. तो दोन पातळ्यांच्या मधोमध, नळीपासून ५० सेंमीवर असेल, तर पहिला मेनिस्कस खालून आणि शेवटचा वरून दिसतो. पहिले वाचन सुमारे ०.१ मिलिने जास्त, शेवटचे तितकेच कमी, आणि आकारमान ०.२ मिलिने कमी भरते. तिपाई मेनिस्कसबरोबर खाली आणावीच लागते.

नोंदीचा साधा नियम असा, की खुणांनी दिलेले अंक पूर्ण लिहावेत आणि पुढचा एक अंक अंदाजाने जोडावा. तळ नेमका खुणेवर असेल तर २३.५ न लिहिता २३.५० लिहावे, तो शून्य मोजून मिळालेला असतो. मात्र पिक्सेल मोजता येतात म्हणून २३.४६३ लिहिणे व्यर्थ आहे. अ वर्गाच्या ५० मिलि ब्युरेटलाही ±०.०५ मिलि इतकी सूट असते. एक मिलिच्या खुणा असलेल्या १०० मिलि मोजनळीत ४६.५ इतपतच लिहावे. महाराष्ट्रात बारावीच्या प्रात्यक्षिक वहीत ‘सी.बी.आर.’ म्हणजे स्थिर ब्युरेट वाचनासाठी १०.२, १०.२, १०.२ अशी एका दशांश स्थळाची वाचने सर्रास दिसतात. त्यांत नळीने देऊ केलेला दुसरा अंक वाया जातो आणि वाचने खरोखर किती जुळली तेही कळत नाही.

त्याच प्रात्यक्षिकातले पोटॅशियम परमँगनेट गडद जांभळे असल्याने त्याचा तळ दिसत नाही. तेथे वरची कड वाचतात, सुरुवातीला आणि शेवटी तीच. रंगहीन द्रवात तळ पुसट असेल, तर काळी पट्टी असलेले पांढरे कार्ड मागे धरून, पट्टीची वरची कड मेनिस्कसच्या किंचित खाली ठेवावी. तळ काळा उठून दिसतो. पाठीवर निळी रेघ असलेल्या शेलबाख ब्युरेटमध्ये ती रेघ मेनिस्कसपाशी निमुळती होते. तेथे टोकाशी जुळणारा आकडा घेतात.

चित्रात चौकटीबाहेरचे काही कळत नाही. तोटीखालच्या टोकात सुरुवातीला अडकलेला हवेचा बुडबुडा मधेच सुटला, तर त्याच्या जागी भरलेला द्रवही वापरलेल्या आकारमानात मोजला जातो. म्हणून प्रत्येक वेळी टोकाचेही एक चित्र घ्यावे.