टायटल ब्लॉक आणि ड्रॉइंग टेम्प्लेट

टायटल ब्लॉक म्हणजे यांत्रिक ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला माहितीचा तक्ता. त्यात पार्टचे नाव, ड्रॉइंग नंबर, मटेरियल, स्केल, रिव्हिजन आणि सह्या असतात. हा तक्ता, कागदाची चौकट, अक्षरांच्या शैली आणि छपाईची मांडणी ज्या कोऱ्या फाइलमध्ये एकदाच तयार करून ठेवतात, ती टेम्प्लेट. ऑटोकॅडमध्ये या फाइलचे नाव .dwt ने संपते.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या कामात एकच ड्रॉइंग पॅटर्न करणारा, फाउंड्री आणि मशीन शॉप असे तिन्हीकडे फिरते. अनेकदा ए३ वर काढलेले ड्रॉइंग शॉपमध्ये ए४ वर छापून मशीनशेजारी लावले जाते. इथल्या टेम्प्लेटचा विचार म्हणूनच या लहान प्रिंटपासून सुरू करणे योग्य ठरते.

ए मालिकेत मोठ्या कागदावरून पुढच्या लहान कागदावर येताना प्रत्येक बाजू २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४१ ने भागली जाते. ए३ चा आकार ४२० × २९७ मिमी, ए४ चा २९७ × २१०. अक्षरांच्या प्रमाणित उंचीही याच पटीत ठेवल्या आहेत: २.५, ३.५, ५, ७, १० मिमी. त्यामुळे ए३ वरचे ३.५ मिमीचे माप ए४ वर २.५ मिमीचे होते आणि नीट वाचता येते. ए३ वर २.५ मिमीने लिहिलेली टीप मात्र १.८ पर्यंत घसरते, आणि तेलकट हातांत फिरलेल्या कागदावर तेवढे अक्षर टिकत नाही. ए४ प्रिंट निघणार असेल तर ए३ टेम्प्लेटमध्ये ३.५ पेक्षा लहान अक्षर ठेवूच नये.

उदाहरणासाठी २६० मिमी लांबीचे बेअरिंग हाउसिंग घेऊ. १:२ स्केलला कागदावर ते १३० मिमी येते. भाग मॉडेलमध्ये खऱ्या मापात काढतात, चौकट आणि टायटल ब्लॉक लेआउटवर १:१ ठेवतात आणि व्ह्यूपोर्टला १:२ स्केल देऊन तो लॉक करतात. मापे मॉडेलमध्येच द्यायची तर कागदावर ३.५ दिसण्यासाठी तिथे अक्षर ७ मिमीचे लागते. शैली अ‍ॅनोटेटिव्ह ठेवली की हा हिशेब ऑटोकॅड स्वतः करते. STYLE मध्ये उंची मात्र ० ठेवावी. तिथे ठरावीक आकडा भरला की डायमेन्शन स्टाइलमधली उंची लागू होत नाही, आणि ती कितीही बदलली तरी माप तेवढेच राहते.

चौकटीला डावीकडे फायलिंगसाठी २० मिमी आणि बाकी तिन्ही बाजूंना १० मिमी समास सोडतात. ए३ वर ती (२०,१०) पासून (४१०,२८७) पर्यंत येते. टायटल ब्लॉकची रुंदी १८० मिमी घ्यावी, कारण उभ्या ए४ मध्ये समास वजा जाता नेमकी तेवढीच जागा उरते आणि एकच ब्लॉक सर्व आकारांना चालतो. महाविद्यालयांत शिकवला जाणारा १८५ × ६५ मिमीचा तक्ता तिथे ५ मिमीने बाहेर जातो.

पीडीएफसाठी पेज सेटअपमध्ये `ISO full bleed A3 (420.00 x 297.00 MM)` हा कागद, क्षेत्र `Layout` आणि स्केल १:१ निवडतात. साध्या ए३ पर्यायात लेआउटचा शून्यबिंदू छापता येणाऱ्या भागाच्या कोपऱ्यात असतो. त्यामुळे (०,०) वर टाकलेली चौकट आत सरकते आणि उजवी किंवा वरची रेघ कापली जाते. `Fit to paper` ची खूण राहिली असेल तर स्केल बिघडते. प्रिंटवर टायटल ब्लॉकची रुंदी पट्टीने मोजली की हा दोष लगेच कळतो. ए४ वर मुद्दाम लहान केलेल्या प्रिंटवर ती सुमारे १२७ मिमी भरते, आणि तिथे १:२ हे स्केल खरे राहत नाही. यासाठी स्केलशेजारी मूळ कागदाचा आकार लिहिण्याची जागा असावी: “१:२, ए३”.

बदलणाऱ्या प्रत्येक रकान्यासाठी ATTDEF ने अ‍ॅट्रिब्यूट करतात आणि मग सगळ्याचा एक ब्लॉक बनवतात. “बर काढावी” अशा मराठी सूचनांसाठी निराळी शैली लागते. isocp.shx मध्ये देवनागरी अक्षरे नाहीत, Nirmala UI मध्ये आहेत. ड्रॉइंग फाइलसोबत फॉन्ट जात नाही, म्हणून बाहेर पाठवायची ती पीडीएफ.

टेम्प्लेट सुधारली तरी तिच्यावरून आधी काढलेली ड्रॉइंग बदलत नाहीत, कारण नवी फाइल उघडताना तिची नक्कल होते. जुन्या फाइलमध्ये ब्लॉकची व्याख्या पुन्हा आणून ATTSYNC चालवावे लागते. त्याने अ‍ॅट्रिब्यूटची जागा आणि उंची नव्या व्याख्येप्रमाणे होते, भरलेला मजकूर तसाच राहतो. एखाद्या ड्रॉइंगमध्ये लांब नाव मावावे म्हणून हाताने सरकवलेले अक्षर मात्र मूळ जागी परत जाते. तेवढी ड्रॉइंग नंतर उघडून तपासावी लागतात.