मापांक आला म्हणून एलपी मोडत नाही

“उद्दिष्टात |x| किंवा max आलं की एलपी संपला. मग बायनरी चलं घालावीच लागतात ना?”

नाही. किमान करायचं असेल तर दोन-दोन असमानता पुरतात. नाशिकहून मुंबईकडे 90 ट्रक कांदा न्यायचाय असं धरा. कसारा घाटातून x1, जव्हारमार्गे x2. मार्गांची क्षमता 80 आणि 40 (आकडे समजण्यापुरते). सर्वाधिक भरलेल्या मार्गाचा क्षमतेच्या तुलनेतला भार z कमीत कमी हवा, शिवाय कालच्या 50 ट्रकांपासून कसाऱ्याची संख्या फार हलू नये; हा फरक d.

```
min: z + 0.01 d;
x1 + x2 = 90;
80 z - x1 >= 0;
40 z - x2 >= 0;
d - x1 >= -50;
d + x1 >= 50;
```

उत्तर x1=60, x2=30, z=0.75, d=10. d वर खालून दोन बंधनं आहेत आणि उद्दिष्ट त्याला खाली ओढतं, म्हणून तो |x1-50| वरच येऊन टेकतो. z चंही तसंच.

खरी गोम या ओढण्यात आहे. d चं वजन शून्य ठेवलंत, तर सॉल्व्हर d=37 सुद्धा छापू शकतो आणि चूक दिसणारही नाही. म्हणून उत्तर आल्यावर d हा x1 वरून हाताने ताडून पाहा. वजन ऋण झालं, म्हणजे फरक वाढवायचा असला, तर d अनंताकडे पळतो. तिथे मात्र सहसा बायनरी चल लागतं.

आणि प्रत्येक ट्रकने कोणत्या गावानंतर कोणतं गाव घ्यायचं हे ठरवायचं असेल, तर तो प्रश्न मुळातच पूर्णांकी आहे. त्याचं खापर मापांकावर फोडू नका.