अनंतापर्यंतचे क्षेत्रफळ आणि तुलनेची कसोटी

1/x² या फलनाचे −१ ते १ या मर्यादांमधील समाकल नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे −1/x मध्ये दोन्ही मर्यादा घालून काढले, तर उत्तर −२ येते. आलेख सर्वत्र अक्षाच्या वर असताना क्षेत्रफळ ऋण येणे अशक्य आहे. x = 0 पाशी फलन अनंताकडे जाते, याची दखल न घेताच मर्यादा घातल्यामुळे हे घडले. म्हणून अनुचित समाकल, म्हणजे ज्यात मर्यादा अनंत असते किंवा फलन कुठेतरी अनंताकडे जाते असे समाकल, दिसले की आधी अडचणीच्या जागा शोधाव्यात आणि प्रत्येक जागा वेगळ्या तुकड्यात ठेवावी.

पुढील समाकलात अशा दोन जागा आहेत:

∫₀^∞ dx / ((1+x)√|x−1|)

एक x = 1 ही, मध्येच दडलेली, आणि दुसरी अनंत. त्यामुळे ० ते १, १ ते २ आणि २ च्या पुढचा असे तीन तुकडे पडतात. (२ हा आकडा केवळ सोयीचा आहे, ३ घेतला असता तरी निष्कर्ष तोच आला असता.)

पहिल्या दोन तुकड्यांत 1+x किमान १ आहे, म्हणून फलन 1/√|x−1| पेक्षा मोठे होऊ शकत नाही. या मोठ्या फलनाचे समाकल १ च्या प्रत्येक बाजूला बरोबर २ येते, म्हणजे दोन्ही मिळून ४. तिसऱ्या तुकड्यात x−1 हे x/2 पेक्षा कमी नसते आणि 1+x तर x पेक्षा मोठेच असते. त्यामुळे फलन √2/x^(3/2) पेक्षा लहान राहते आणि या मोठ्या फलनाचे २ ते अनंत समाकल २ येते. फलन धन असल्याने मर्यादा पुढे सरकवत नेली की क्षेत्रफळ केवळ वाढत जाते, पण ते एकूण ६ च्या वर जाऊ शकत नाही. म्हणजेच समाकल अभिसारी आहे, त्याची किंमत सांत आहे. प्रत्यक्ष किंमत सुमारे ३.४७ आहे, पण अभिसरण ठरवण्यासाठी तिची गरज पडली नाही.

तुलनेची दिशा मात्र सांभाळावी लागते. तिसऱ्या तुकड्यात आपले फलन 1/√x पेक्षाही लहान आहे, पण 1/√x चे समाकल अपसारी, म्हणजे अमर्याद वाढणारे, असल्यामुळे या माहितीवरून काहीच ठरत नाही; अपसारी फलनापेक्षा लहान असणे हा कोणताच पुरावा नव्हे. अपसरण सिद्ध करायचे तर आपले फलन एखाद्या धन अपसारी फलनापेक्षा मोठे आहे, असे दाखवावे लागते.

तशी वेळ वर्गमूळ काढून टाकताच येते. छेदात √|x−1| ऐवजी |x−1| घेतल्यास अनंताकडचा तुकडा आणखी सहज अभिसारी होतो, पण १ ते २ मध्ये 1+x हे ३ पेक्षा जास्त नसल्याने फलन 1/(3(x−1)) पेक्षा लहान राहत नाही आणि त्याचे समाकल लॉगॅरिदमच्या गतीने अमर्याद वाढते. एक तुकडा अपसारी ठरला की संपूर्ण समाकल अपसारी ठरते, मग उरलेले तुकडे कितीही चांगले असोत.