रूट गार्ड (विभागांच्या दिशेचे पोर्ट)

रूट गार्ड ही स्विचच्या पोर्टवर लावायची स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलमधील (एसटीपी) मर्यादा आहे. ज्या पोर्टवर ती लावली, त्याच्या पलीकडचा कोणताही स्विच नेटवर्कचा रूट होऊ शकत नाही. ज्या संस्थेत मधले स्विच एकाच्या हाती आणि टोकाचे स्विच दुसऱ्याच्या हाती असतात, तिथे तिची खरी गरज भासते. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे चित्र नेहमीचे आहे. सर्व्हर रूम एका इमारतीत असते, विभाग वेगवेगळ्या इमारतींत असतात आणि प्रत्येक विभागाचा स्विच तिथला लॅब असिस्टंट सांभाळतो.

एसटीपीचा मूळ अल्गोरिदम राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना तयार केला. सर्व स्विच बीपीडीयू नावाचे छोटे संदेश एकमेकांना पाठवतात. ज्याचा ब्रिज आयडी सर्वांत लहान, तो रूट ठरतो आणि बाकीचे त्याच्यापर्यंतचा सर्वांत स्वस्त रस्ता चालू ठेवून उरलेले रस्ते अडवतात, म्हणजे लूप होऊन वाहतूक गोल फिरत राहत नाही. ब्रिज आयडीत आधी प्रायॉरिटी येते; ती सारखी असेल तर मॅक पत्ता पाहिला जातो. या निवडणुकीत ओळखपत्र मागितले जात नाही. लहान आकडा घेऊन कोणीही आला, तरी तो जिंकतो.

बहुतेक स्विचवर प्रायॉरिटी मुळात ३२७६८ असते, आणि सिस्कोच्या स्विचवर तीत व्हीलॅनचा, म्हणजे त्याच स्विचवर आखलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कचा, क्रमांक मिळवला जातो. म्हणजे व्हीलॅन २० मध्ये ती ३२७८८ होते. आता कोणी खोक्यातून काढलेला कोरा स्विच व्हीलॅन २० च्या भिंतीवरच्या सॉकेटला लावला, तर त्याचे सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये असल्याने तो ३२७६९ हा आकडा पाठवतो. मधल्या स्विचची प्रायॉरिटी कोणी ठरवून कमी केलेली नसेल, तर मॅक पत्ता पाहायची वेळच येत नाही. हा कोरा स्विच थेट रूट होतो. जुन्या स्विचचा मॅक पत्ता सहसा लहान असतो, म्हणून तोच धोकादायक, हा समज त्यामुळे अपुरा आहे.

प्रायॉरिटी कमी करणे ही पहिली पायरी, पण ती पुरेशी नाही. कोथरूडमधले एक कल्पित महाविद्यालय घेऊ. सर्व्हर रूममध्ये कोअर-१ आणि कोअर-२ असे सिस्कोचे दोन स्विच आहेत. व्हीलॅन २० साठी त्यांची प्रायॉरिटी अनुक्रमे २४५९६ आणि २८६९२ ठेवली आहे. दोघांमध्ये १० गिगाबिटची जोडणी आहे. प्रत्येक विभागाच्या स्विचपासून दोन्ही कोअरकडे एकेक गिगाबिटची फायबर जाते. परीक्षा विभागाचा सर्व्हर फक्त कोअर-२ ला जोडलेला आहे.

सत्राअखेरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत यंत्र विभागाला जास्तीचे पोर्ट लागतात आणि नेटवर्किंग लॅबमधला एक रिकामा स्विच उचलून आणला जातो. त्या लॅबमध्ये विद्यार्थ्यांनी एसटीपीचे प्रात्यक्षिक करताना व्हीलॅन १ ची प्रायॉरिटी ४०९६ केलेली असते आणि ती कोणी पुसलेली नसते. केबल लागताच यंत्र विभागाच्या मागे ४०९७ हा आकडा उभा राहतो आणि तोच व्हीलॅन २० चा रूट होतो. दोन्ही कोअरचा रूटकडचा रस्ता आता यंत्र विभागातून जातो, आणि कोअर-१ व कोअर-२ मधली १० गिगाबिटची जोडणी एका टोकाला अडवली जाते. इतर विभागांची परीक्षा सर्व्हरकडे जाणारी वाहतूक आता यंत्र विभागाच्या गिगाबिट फायबरवरून वळसा घेते.

यातली चिवट अडचण अशी की नेटवर्क बंद पडत नाही, फक्त मंदावते. तक्रार येते सर्व्हरची, आणि दोष असतो दुसऱ्या इमारतीत. अशा वेळी कोअरवर `show spanning-tree vlan 20` चालवून रूटची प्रायॉरिटी पाहावी. ४०९७ दिसले, तर ते व्हीलॅन २० साठी कोणी ठरवलेले मूल्य असूच शकत नाही, कारण ते ४११६ आले असते. परका स्विच साध्या ॲक्सेस पोर्टवरून शिरला आहे, हे त्या एका आकड्यावरून कळते.

रूट गार्ड कोअर-१ आणि कोअर-२ या दोन्हींवर, विभागांकडे जाणाऱ्या पोर्टवर लावतात:

```
interface range GigabitEthernet1/0/11 - 14
 spanning-tree guard root
```

लावण्यापूर्वी ते पोर्ट डेझिग्नेटेड आहेत, म्हणजे रूटकडचा रस्ता त्यांतून जात नाही, याची खात्री करावी. रूट आधीच विभागात गेलेला असेल, तर ही ओळ टाकताक्षणी जोडणी तुटेल. आता तोच लॅबचा स्विच जोडला, की सरस, म्हणजे अधिक लहान आयडीचा, बीपीडीयू मिळालेला पोर्ट `Root Inconsistent` अवस्थेत जातो आणि व्हीलॅन २० ची वाहतूक थांबवतो. `show spanning-tree inconsistentports` मध्ये तो असा दिसतो:

```
VLAN0020   GigabitEthernet1/0/12   Root Inconsistent
```

नोंदवहीत `ROOTGUARD_BLOCK` हा संदेशही येतो. परका स्विच काढला, की जुन्या एसटीपीत साधारण वीस सेकंदांनी सरस बीपीडीयूची मुदत संपते आणि पोर्ट नेहमीच्या टप्प्यांतून आपोआप पूर्ववत होतो. कोणाला हात लावावा लागत नाही. बीपीडीयू गार्डपेक्षा ही वेगळी गोष्ट आहे. तो कोणताही बीपीडीयू आला की पोर्ट बंद करतो, त्यामुळे जिथे पलीकडे विभागाचा रीतसर स्विच आहे तिथे तो चालत नाही. भिंतीवरच्या सॉकेटचे पोर्ट मात्र त्याचीच जागा आहेत.

रूट गार्डची किंमत विभाग मोजतो. यंत्र विभागाच्या स्वतःच्या स्विचवर काहीच लावलेले नसल्याने तो लॅबच्या स्विचला रूट मानून बसतो, दोन्ही कोअर त्याच्याकडची वाट बंद करतात, आणि व्हीलॅन २० पुरता तो विभाग महाविद्यालयापासून तुटतो. हा सौदा योग्यच आहे: चूक जिथे झाली तिथेच ती अडते, आणि तक्रारही तिथूनच येते. विभागाच्या स्विचवर सॉकेटच्या पोर्टना बीपीडीयू गार्ड लावला, तर एवढीही झळ बसत नाही. फक्त तो सॉकेट बंद होतो.

दुसरी मर्यादा कमी लोकांच्या ध्यानात येते. कोअर-१ आणि कोअर-२ मधली जोडणीच तुटली, तर एरवी कोअर-२ ने विभागाच्या स्विचमार्फत कोअर-१ गाठला असता. पण कोअर-२ च्या विभागांकडील सर्व पोर्टवर रूट गार्ड आहे आणि तिकडून येणारा कोअर-१ चा आयडी त्याच्या स्वतःच्या आयडीपेक्षा सरस आहे. रूट गार्डच्या लेखी खरा रूट आणि परका रूट यांत भेद नाही. कोअर-२ ते सगळे पोर्ट अडवतो आणि परीक्षा सर्व्हर एकाकी पडतो. म्हणून कोअरमधली जोडणी एका केबलवर सोडू नये. दोन केबल वेगवेगळ्या मार्गांनी नेऊन त्यांचा इथरचॅनेल, म्हणजे दोन्ही मिळून एकच जोडणी, करावा. रूट गार्ड लावण्याच्या कामाचाच हा भाग समजावा.

तापकीर गल्लीत मिळणारा पाच पोर्टचा साधा स्विच स्वतः बीपीडीयू तयार करत नाही, त्यामुळे तो रूट होण्याचा प्रश्नच नसतो. त्याच्यामुळे विभागात लूप झाला, तर मात्र रूट गार्ड काही करत नाही. तिथे स्टॉर्म कंट्रोलसारखा वेगळा बंदोबस्त लागतो. एकाच पोर्टवर रूट गार्ड आणि लूप गार्ड दोन्ही चालत नाहीत.

हीच सोय जुनिपरच्या स्विचवर `no-root-port` आणि लिनक्स ब्रिजवर `root_block` या नावाने मिळते. आयईईई ८०२.१क्यू मानकातली संबंधित तरतूद `restrictedRole` या नावाची आहे.