पपईचं काम वेगळं, चुलीचं वेगळं

आकाडात मटणाचं पातेलं चढलं की आमच्याकडं एक सल्ला ठरलेला असतो: "बोकड जून निघालंय वाटतं. पपईची एक फोड टाका, गळंल बघा." सल्ला देणारा लातूरचा असो की परभणीचा, फोड पडते ती उकळत्या रश्श्यात. तिथं ती भोपळ्याच्या फोडीगत नुसती शिजते, मटणाला तिचा काडीचा उपयोग होत नाही. पुढं तासाभरानं मटण मऊ लागलं की कौतुक पपईचं होतं, आणि तासभर मंद आच धरून बसलेल्या चुलीला कुणी विचारत नाही.

चुलीवर मटण कसं शिजवायचं हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. हळद-मीठ, आलं-लसूण लावून अंगच्या पाण्यात परतायचं, झाकणावर पाणी ठेवायचं, तेच गरम पाणी लागेल तसं आत ओतायचं, येसर शेवटी. हे सगळ्यांना येतं. घोळ होतो तो पपईला चुलीचा पर्याय समजण्यात.

मटण चिवट लागतं त्याची कारणं दोन आहेत. एक म्हणजे लाल मांसाचे लांब धागे. दुसरं म्हणजे त्या धाग्यांना बांधून ठेवणारं पांढरं जाळं, पडदे आणि शिरा, ज्यात मुख्यत्वे कोलॅजन असतं. खाटकाकडून आणलेला नळीचा तुकडा हातात घेऊन बघा. लाल मांसावरून चकाकणारा पांढरट पापुद्रा जातो आणि टोकाला पांढरी दोरी होऊन हाडाला चिकटतो. हे पांढरं नळी, गर्दन आणि खांद्यात भरपूर असतं, चापेत आणि पाठीच्या मांसात कमी. जनावर म्हातारं झालं की या जाळ्यातले दुवे जास्त घट्ट होतात, म्हणून वर्षाच्या आतलं उस्मानाबादी बोकड लवकर शिजतं आणि चार वेतं झालेली शेळी दुपार खाते.

आता पपई. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असतं. ते प्रथिनं तोडतं, आणि त्याचा जोर चालतो तो मुख्यतः लाल धाग्यांवर. कच्च्या, न तापलेल्या कोलॅजनवर त्याची मात्रा फारशी चालत नाही. चुलीचं नेमकं उलटं आहे. मंद आचेवर, ओलसर उष्णतेत तासन् तास राहिलं की कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. पण लाल धागे त्या उष्णतेनं मऊ होत नाहीत, उलट आवळतात आणि पाणी सोडतात.

हे शेवटचं वाक्य बहुतेकांना पटत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. मटण चढवून वीस-पंचवीस मिनिटांनी एक तुकडा काढून चावून बघा. कच्च्यापेक्षा तो जास्त कडक लागेल. धागे आवळले गेलेत, जाळं अजून विरघळलेलं नाही, म्हणजे दोन्हीकडून तोटा. याच टप्प्याला घरात घबराट होते, जाळ वाढवला जातो आणि पपईची फोड पडते. खरं तर तेव्हा काहीही करायचं नसतं. रस्सा गदगदून उकळवला तर धागे आणखी कोरडे पडतात, जाळं मात्र त्या प्रमाणात लवकर विरघळत नाही, कारण पातेल्यातलं पाणी कितीही जाळ घातला तरी शंभर अंशाच्या वर जात नाही. कडेला एखाद-दुसरा बुडबुडा येईल एवढी आच ठेवून वाट बघायची. जाळं सुटलं की धागे एकमेकांपासून मोकळे होतात आणि मधे जिलेटिन भरल्यानं तोंडात ओलसर लागतात. धागा स्वतः कडकच असतो, आपल्याला जाणवत नाही इतकंच.

शिजल्याची खूण शिट्ट्या मोजून कळत नाही. कुणी "पाच शिट्ट्या द्या" म्हणालं की माझं डोकं फिरतं, कारण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या वेळानं होते. खूण मटणातच असते: हाडाच्या टोकावरून मांस वर सरकतं, पांढरा पडदा पारदर्शक आणि चिकट होतो, आणि उरलेला रस्सा फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळी थरथरतो.

मग उकळत्या रश्श्यात पपई का चालत नाही? पपेनला सगळ्यात जास्त जोर येतो तो मांस तापत असताना, साधारण पन्नास ते सत्तर अंशांच्या दरम्यान. थंडीत ते सुस्त असतं, ऐंशीच्या पुढं ते निकामी होऊ लागतं आणि उकळीत संपतं. थंड पातेल्यात मटणासोबत पपई घातली तर तापता तापता तिला काही मिनिटं मिळतात. उकळी फुटल्यावर घातली तर एकही नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, आणि माझा खरा राग तिच्यावर आहे: रात्रभर पपई लावून ठेवणं. लोकांना वाटतं जितका वेळ तितकं मऊ. पण पपेन मांसात खोल शिरत नाही, पृष्ठभागापासून थोड्याच अंतरापर्यंत पोचतं. मोठा तुकडा रात्रभर ठेवला तर बाहेरचा थर पुन्हा पुन्हा तुटत राहतो आणि आतला गाभा होता तसाच राहतो. शिजवल्यावर बाहेरून पिठूळ आणि आतून चिवट असा तुकडा हाती येतो. बोटांच्या चिमटीत दाबला तर वरचा थर चिकट होऊन सरकतो, त्यात धागा उरलेला नसतो. कबाब असेल तर सळीवरून गळून निखाऱ्यात पडतो. एवढं झाल्यावर ते मटण सुधारण्याचा उपाय नाही.

पपईची खरी जागा बघायची असेल तर हैदराबादच्या दगडावर भाजलेल्या गोश्ताकडं बघा. १९४८ पर्यंत आपण त्याच निजामी राज्यात होतो, तेव्हा ही चव आपल्याला परकी नाही. बिनहाडाचं मांस, पातळ काप, पपई, आणि तापलेल्या दगडावर झटपट भाजणं. इथं जाळं विरघळायला वेळच नाही, म्हणून मुळात कमी जाळ्याचा भाग घ्यायचा आणि धागे पपईकडून तोडून घ्यायचे. काप पातळ असल्यानं पपई आरपार पोचते. याच्या अगदी उलट छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया. मोठी देग, हाडासकट तुकडे, मंद आच. त्याला पपईची गरज नाही. एकाच दावतीत दोन्ही पदार्थ असतील तरी दोन्हींचं मांस एकाच भागाचं घ्यायचं नसतं.

पपई कच्चीच हवी, हिरव्या सालीची, कापली की पांढरा चीक सुटणारी. सालीजवळ चीक जास्त, म्हणून सालीसकट किसायची. पिकत आलेल्या पपईत पपेन फार कमी उरतं, ती नुसती गोडी देते. पपई आधी उकडून वाटणारे महाभागही मी पाहिलेत.

दह्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण दही फसवत नाही. त्यात मांस तोडणारं पपेनसारखं काही नाही, आंबटपणा आहे. त्यानं वरच्या थरातले धागे थोडे फुगतात, पाणी धरून ठेवतात, आणि मीठ-मसाला चिकटून राहतो. फ्रीजमध्ये रात्रभर दह्यात ठेवलेलं मटण सहसा बिघडत नाही. पपईवाल्यांनी रात्रभराची सवय इथूनच उचलली असावी, असा मला दाट संशय आहे. दही ताजं आणि फडक्यात टांगून पाणी काढलेलं घ्या. चार दिवसांचं आंबट दही वरचा थर कोरडा करतं. जून शेळीचं गर्दन मात्र दह्यानं शिजत नाही, तिथं वेळच द्यावा लागतो.

राहिलं कापणं. मांसाच्या धाग्यांची दिशा डोळ्यांनी दिसते, सुरी त्यांना आडवी चालवायची. ऊस उभा चिरून दिला तर दातांची परीक्षा होते, गंडेऱ्या केल्या की पोरंही खातात, तसंच हे आहे. आडव्या कापानं मांस बदलत नाही, धागा फक्त तोकडा होतो. रश्श्याच्या हाडासकट तुकड्यांना याचा फारसा फरक पडत नाही, सुक्याच्या आणि कबाबाच्या बिनहाडाच्या मांसाला पडतो. खाटकाला नुसतं "बोनलेस दे" म्हणू नका, "आडवं काप" म्हणा, नाहीतर तो सुरीला सोपं जाईल तसं कापणार.

आता एक अख्खी राण घेऊ, जरा जून बोकडाची, अडीच किलोच्या आसपास. तिचा वरचा मांसल भाग आणि खालची नळी हे एकाच पातेल्यात घालायचे भाग नाहीत. वरचं अर्धा किलो मांस सोडवून घ्या, पांढरे पापुद्रे सुरीनं काढून टाका, आडवे बोटभर जाड तुकडे करा. त्याला सालीसकट किसलेल्या पपईचा एक सपाट मोठा चमचा, मीठ आणि बाकी मसाला लावून अर्धा ते पाऊण तास ठेवा. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ओट्यावर ठेवू नका, फ्रीजमध्ये एक तास द्या. मग तुकडा चिमटीत दाबा. नख सहज रुतत असेल आणि धागे तरीही दिसत असतील तर लगेच निखाऱ्यावर घ्या. धागे दिसेनासे व्हायची वाट बघायची नाही. मागचे काढलेले पापुद्रे टाकू नका, ते रश्श्यात जातील.

नळी आणि हाडाकडचा सगळा भाग रश्श्याला. पपई नको. पातेल्यात मंद आचेवर दोन तास धरून चाला, बोकड फारच जून असेल तर तीन. कुकरमध्ये दाब वाढल्यानं पाणी शंभर अंशांच्या वर जातं, म्हणून दाब धरल्यावर बारीक आचेवर तीस-चाळीस मिनिटं पुरतात. झाकण उघडल्यावर पडदा अजून पांढराच दिसत असेल तर मटण आणखी शिजायचं आहे, पुन्हा झाकण लावा.

खिम्याचं प्रकरण वेगळं, कारण तिथं धागे आधीच तुटलेले असतात आणि पपई कणाकणाला लागते. सीख करायचे असतील तर एक किलो खिम्याला एक चमचा पपई पुरे, तीही कबाब वळायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. पाहुणे उशिरा येणार असतील तर पपई न घालता खिमा फ्रीजमध्ये ठेवा आणि त्यांची गाडी गल्लीत शिरल्यावर ती मिसळा.